फोन बदलताना ई-पुस्तकातल्या खुणा कशा वाचवायच्या

नवा फोन घ्यायला बेळगावच्या खडेबाजारात जाणार असाल, किंवा निपाणीकडचे असाल तर कोल्हापूरला, तर जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी हे वाचा. दुकानातला पोरगा फोटो, नंबर, व्हॉट्सॲप सगळं नव्या फोनवर घालून देतो. पुस्तकांच्या फाइलीही येतात. पण पुस्तकात तुम्ही ओढलेल्या पिवळ्या रेघा, जोडलेल्या टिपा आणि ठेवलेल्या खुणा पुष्कळदा येत नाहीत. हे लक्षात येतं तेव्हा जुना फोन पुसून दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो, आणि मग करण्यासारखं फारसं काही उरत नाही. जे करायचं ते जुना फोन हातात असतानाच करावं लागतं, आणि ते अवघड नाही. एका संध्याकाळचं काम आहे.

खुणा पुस्तकात नसतातच

सगळ्या गोंधळाचं मूळ इथं आहे. कागदाच्या पुस्तकात पेन्सिलीनं रेघ ओढली की ती त्या पुस्तकाचीच होते. ई-पुस्तकात तसं होत नाही. ईपब ही मुळात एक झिप फाइल असते, तिच्यात प्रकरणांच्या फाइली एकापाठोपाठ एक बांधलेल्या असतात. तुम्ही वाक्य रंगवता तेव्हा ॲप त्या फाइलीला हातही लावत नाही. ते स्वतःच्या वहीत, म्हणजे ॲपच्या खासगी साठ्यात, फक्त एक पत्ता लिहून ठेवतं. पुस्तक उघडलं की पत्ता वाचायचा आणि त्या जागेवर पिवळा रंग मारायचा, एवढंच ते करतं.

हा पत्ता कसा दिसतो ते एकदा बघून ठेवा, पुढं कामाला येईल. ॲपागणिक पद्धत बदलते, पण ईपबसाठी ठरवलेली प्रमाण पद्धत अशी आहे:

```
epubcfi(/6/14!/4/20,/1:0,/1:38)
```

घाबरू नका, वाचायला सोपं आहे. यात भाग सम आकड्यांनी मोजतात, म्हणून 14 म्हणजे पुस्तकाच्या क्रमातली सातवी फाइल. पुढचा 4 म्हणजे त्या फाइलीतला मुख्य मजकूर, 20 म्हणजे त्यातला दहावा परिच्छेद, आणि शेवटचे आकडे सांगतात की अगदी सुरुवातीपासून 38 अक्षरांपर्यंत रंग द्यायचा. ही अक्षरं संगणकाच्या हिशोबाची आहेत. त्यात काना, मात्रा आणि अनुस्वार वेगवेगळे धरले जातात.

तुम्ही रंगवलेलं वाक्य काय होतं हे या पत्त्यात कुठंच नाही. त्यामुळे फाइल नव्या फोनवर आली तरी वही जुन्या फोनवरच राहिली असेल, तर पुस्तक कोरं दिसणार. आणि वही आली पण पुस्तकाची फाइल बदलली, तर पत्ता चुकणार.

पीडीएफची गोष्ट थोडी वेगळी आहे. झोडो किंवा ॲक्रोबॅटसारखी ॲप्स रेघ आणि टीप थेट पीडीएफमध्येच लिहून फाइल सेव्ह करू शकतात. तशी सेव्ह केलेली फाइल कुठंही न्या, रेघा सोबत येतात. मात्र ईपब आणि पीडीएफ दोन्ही वाचणारी बरीचशी ॲप्स पीडीएफच्या खुणाही स्वतःच्या वहीतच ठेवतात. तुमचं ॲप काय करतं ते तपासायला रेघ मारलेली पीडीएफ स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि दुसऱ्या फोनवर उघडा. रेघ दिसली तर ती फाइलमध्ये आहे.

तुमचं पुस्तक कोणत्या घरातलं?

पुढची वाट यावर ठरते, म्हणून हे आधी बघा.

किंडल किंवा गुगल प्ले बुक्सवरून विकत घेतलेलं पुस्तक असेल तर त्याच्या खुणा तुमच्या खात्यात जातात. नव्या फोनवर तेच खातं उघडलं की त्या परत येतात. इथं काळजी फक्त खात्याची आणि नेटची, त्याबद्दल पुढं सांगतो.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःकडची फाइल, पण खात्यात चढवलेली. प्ले बुक्समध्ये ईपब आणि पीडीएफ चढवता येतात. किंडलला Send to Kindle ची सोय आहे आणि तिथं ईपब चालतं. अशा पुस्तकांच्या खुणाही खात्यासोबत फिरतात. पण तीच फाइल किंडलच्या यंत्रात वायर जोडून टाकली, तर ती खात्याला माहीतच नसते आणि तिच्या खुणा त्या यंत्रापुरत्याच राहतात.

तिसरा प्रकार म्हणजे फोनमध्ये नुसती पडलेली फाइल, मून रीडर, रीडईरा, केओरीडर अशा ॲपमध्ये उघडलेली. आपल्याकडचे विद्यार्थी बहुतेक असंच वाचतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवलेली पीडीएफ, प्रताधिकार संपलेली जुनी पुस्तकं, सरांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकलेल्या नोट्स. इथं आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय कुठलंच सिंक होत नाही. खुणा हरवल्याच्या तक्रारी मी ऐकतो त्या जवळजवळ सगळ्या या तिसऱ्या घरातल्या असतात.

खात्री करायची असेल तर ॲपच्या जाहिरातीवर विसंबू नका. एका पुस्तकात एक नवं वाक्य रंगवा, मिनिटभर नेट चालू ठेवा आणि तेच पुस्तक दुसरीकडे उघडा. किंडलवर विकत घेतलेल्या पुस्तकांसाठी संगणकावर read.amazon.com/notebook, प्ले बुक्ससाठी play.google.com/books. बाकी ॲप्ससाठी घरातला दुसरा कुठलाही फोन चालेल. वाक्य तिथं रंगलेलं दिसलं तर सिंक आहे. नाही दिसलं तर नाही.

एक प्रसंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

माझी मावसबहीण खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं राहते आणि बेळगावात मराठीचं एम.ए. करते. बसमध्ये जाता-येता ती फोनवरच वाचते. नवा फोन घेतल्यावर तिचा मला फोन आला. "दादा, पुस्तकं सगळी आलीत की. पण मी रंगवलेलं कायच दिसत नाही. परीक्षेला तेवढंच वाचणार होते मी." जुना फोन तिनं धाकट्या भावाला खेळायला दिला होता, अजून पुसला नव्हता. म्हणून पुढचं सगळं जमलं.

भावाच्या हातातून तो फोन काढून घेतल्यावर आम्ही ॲप उघडून बघितलं. खुणा जागेवर होत्या. एका समीक्षेच्या पुस्तकात 64 रंगवलेली वाक्यं, दुसऱ्यात 27. हे आकडे कागदावर लिहून घेतले. हे तुम्हीही करा. नव्या फोनवर सगळं आलं की नाही ते नुसतं चाळून कळत नाही, आकडा जुळला की कळतं.

मग जुन्या फोनवर ॲपच्या मेनूतून Backup केलं. बहुतेक ॲप्समध्ये ही ओळ सेटिंगच्या तळाशी असते, कुठं Backup, कुठं Backup & restore. फाइल कुठं ठेवायची असं विचारल्यावर Download फोल्डर दिला. इथं जरा थांबा. काही ॲप्स स्वतःहून Android/data या फोल्डरच्या आत बॅकअप ठेवतात. तो फोल्डर ॲपचाच असतो, ॲप काढलं की तोही पुसला जातो, आणि अँड्रॉइड 11 पासून दुसऱ्या ॲपला तो नीट उघडताही येत नाही. तिथला बॅकअप असून नसल्यासारखाच. Download किंवा Documents मध्ये ठेवा आणि लगेच एक प्रत गुगल ड्राइव्हवर टाका, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नव्या फोनवर तेच ॲप होतं, अपडेट केलेलं. जुन्या आवृत्तीचा बॅकअप नवं ॲप बहुधा उघडतं, उलटं मात्र होत नाही, त्यामुळे नव्या फोनवरची आवृत्ती मागं राहिलेली नको.

Restore दाबणार एवढ्यात मी तिला विचारलं, नव्या फोनवर काही रंगवलंस का? होय, एका कवितासंग्रहात आठ-दहा ओळी रंगवल्या होत्या. हे विचारणं फार गरजेचं होतं. पुष्कळ ॲप्समध्ये Restore म्हणजे जुनी वही नव्या वहीच्या जागी ठेवणं असतं, दोन्ही वह्या एकत्र होत नाहीत. तसंच दाबलं असतं तर जुन्या खुणा आल्या असत्या आणि नव्या गेल्या असत्या. त्या कवितांच्या ओळी आधी एक्स्पोर्ट करून मजकूर म्हणून ठेवल्या, मग Restore केलं. नंतर तेवढ्या ओळी तिनं हातानं पुन्हा रंगवल्या.

Restore झालं. दुसऱ्या पुस्तकात 27 खुणा जशाच्या तशा आल्या. पहिलं पुस्तक कोरंच.

असं का झालं, ते फाइलींची नावं बघितल्यावर कळलं. जुन्या फोनवर फाइलीचं नाव होतं `samiksha.epub`. नव्या फोनवर तिनं ते पुस्तक वर्गाच्या ग्रुपवरून पुन्हा उतरवलं होतं, आणि Download मध्ये आधीच त्या नावाची एक फाइल असल्यामुळे फोननं नव्या प्रतीचं नाव `samiksha (1).epub` करून टाकलं होतं. तिनं ॲपमध्ये उघडली होती ती ही दुसरी. ॲपच्या वहीत खुणा `samiksha.epub` च्या नावावर. नाव वेगळं, म्हणून ॲपच्या लेखी हे वेगळंच पुस्तक.

उपाय साधा होता. दोन्ही (1) वाल्या आणि बिनवाल्या प्रती बाजूला केल्या. जुन्या फोनवरची मूळ फाइल क्विक शेअरनं नव्या फोनवर आणली आणि जुन्या फोनवर होती तशी, `Books` नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच नावानं ठेवली. ॲपमध्ये पुस्तकांची यादी पुन्हा शोधायला लावली. पुस्तक उघडलं, 64 च्या 64 खुणा हजर.

हा नावाचा मामला सगळीकडे थोड्याफार फरकानं असतो. केओरीडर पुस्तकाच्या शेजारीच `.sdr` शेपटीचा एक फोल्डर तयार करतं आणि खुणा त्यात ठेवतं. पुस्तक `samiksha.epub` असेल तर फोल्डर `samiksha.sdr`. ही फार चांगली सोय आहे, कारण पुस्तक आणि तो फोल्डर दोन्ही एकत्र उचलून नेले की खुणा सोबत येतात. पण फाइल मॅनेजरमधून पुस्तकाचं नाव बदललं आणि फोल्डरचं तसंच ठेवलं, तर जोडी तुटते. नाव बदलायचंच असेल तर केओरीडरच्या आतून बदलावं. मून रीडरही क्लाउडवर सिंक करताना फाइलीच्या नावावरूनच पुस्तक ओळखतं.

म्हणून माझं सांगणं असं की नवं पुस्तक फोनवर आलं की पहिली रेघ ओढण्याआधीच त्याचं नाव ठरवा. आखूड नाव, इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नको. देवनागरी नावांचं मला वावडं नाही, पण जुन्या संगणकावर झिप करून फिरवताना अशा नावांचे कधी कधी चौकोन होतात, आणि मग नाव जुळवत बसावं लागतं. सगळी पुस्तकं एकाच फोल्डरमध्ये, आणि व्हॉट्सॲपमधून थेट पुस्तक उघडून वाचायची सवय सोडा. आधी त्या फोल्डरमध्ये ठेवायचं, मग तिथूनच उघडायचं.

तिच्या आणखी एका पुस्तकात वेगळीच गंमत झाली होती. खुणा आल्या, आकडाही जुळला, पण रंग भलत्याच वाक्यांवर. सरांनी मधल्या काळात त्या फाइलीतल्या चुका दुरुस्त करून नवी प्रत ग्रुपवर टाकली होती, नाव तेच ठेवून. एका प्रकरणाच्या सुरुवातीला दोन परिच्छेद वाढले होते. वर दाखवलेला पत्ता आठवा: वही म्हणते दहावा परिच्छेद, आणि तुमचा दहावा परिच्छेद आता बारावा झालेला. ॲपची काही चूक नाही. जुनी प्रत परत आणली की रंग जागेवर येतो. दुरुस्त प्रतही हवी असेल तर ती वेगळ्या नावानं ठेवा, जुनीवर चढवू नका.

अपडेटनंतर खुणा गेल्या तर

प्ले स्टोअरवरून आलेलं साधं अपडेट ॲपच्या वहीला धक्का लावत नाही. तरीही अपडेटनंतर पुस्तक कोरं दिसलं, तर त्याची कारणं थोडीच असतात.

बहुतेकदा ॲपला फाइलींची परवानगी पुन्हा द्यावी लागते, किंवा ते पुस्तकांची यादी नव्यानं बनवत असतं आणि तोवर सगळं रिकामं दिसतं. खात्याच्या ॲपमध्ये आपण लॉगआउट झालेलो असतो. दोन्ही ठिकाणी खुणा शाबूत असतात, फक्त दिसत नाहीत. खरी हानी होते ती आपण घाबरून पुढं जे करतो त्यानं. सेटिंगमध्ये जाऊन Clear data किंवा Clear storage दाबलं, किंवा ॲप काढून पुन्हा घातलं, की वही गेली. Clear cache चालतं, त्यानं खुणांना काही होत नाही. या दोन बटणांत गल्लत होऊ देऊ नका, ती एकमेकांच्या शेजारीच असतात.

दुसरं कारण आपल्याकडे बरंच दिसतं. कुणीतरी ॲपची एपीके फाइल पाठवतो, म्हणतो ही घे, यात सगळं फुकट आहे. ती घालायला गेलं की App not installed असं येतं, कारण तिच्यावरची सही मूळ ॲपच्या सहीशी जुळत नाही. मग सल्ला मिळतो, आधीचं काढून टाक. काढलं की त्याच क्षणी सगळ्या खुणा गेल्या. असली एपीके घालूच नका, त्यात इतरही धोके असतात. आणि कुठलंही ॲप कुठल्याही कारणानं काढायची वेळ आली, तर आधी बॅकअप.

"गुगल सगळ्याचा बॅकअप घेतंय की," असंही लोक म्हणतात. अँड्रॉइड ॲपचा डेटा गुगल खात्यात ठेवतं हे खरं, पण एका ॲपमागं 25 एमबीपर्यंतच, तेही ॲप बनवणाऱ्यानं परवानगी दिली असेल तर, आणि साधारणपणे फोन वाय-फायवर, चार्जिंगला आणि स्वस्थ पडलेला असताना. घरात वाय-फायच नसेल आणि फोन दिवसभर हातातच असेल, तर महिनोन्‌महिने तो बॅकअप झालेला नसू शकतो. आला तर आनंद आहे, पण त्याच्या भरवशावर जुना फोन पुसू नका.

सिंक लावायचं तर

स्वतःच्या फाइली वाचणाऱ्यांना सुरुवातीला मी प्ले बुक्स सुचवतो, कारण गुगल खातं प्रत्येकाकडं असतं. ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चित्रावर दाबून सेटिंगमध्ये जा आणि पीडीएफ चढवण्याची परवानगी, Enable PDF uploading, चालू करा. संगणक असेल तर play.google.com/books वरून फाइली चढवणं आणखी सोपं. तिथल्या सेटिंगमध्ये खुणा गुगल ड्राइव्हवर ठेवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. मग ड्राइव्हवर `Play Books Notes` नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यात पुस्तकागणिक एक डॉक्युमेंट, तुम्ही रंगवलेल्या वाक्यांसकट. सिंक आणि एक्स्पोर्ट दोन्ही एकाच वेळी होतं.

यात तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली, खातं. दुकानातला पोरगा घाईत नवं जीमेल उघडून देतो, जुन्याचा पासवर्ड आठवत नसतो म्हणून. नव्या खात्यात तुमची पुस्तकं कशी असतील? खुणा गेल्या असं वाटलं की आधी ॲपमध्ये कोणतं खातं चालू आहे ते बघा, स्पेलिंगसकट. फोन घ्यायला जाण्याआधी जुन्या फोनवर खात्याचा पत्ता लिहून घ्या आणि पासवर्ड आठवत नसेल तर तो घरीच बदलून ठेवा, कारण पडताळणीचा संदेश जुन्या फोनवरच येतो.

दुसरी, रेंज. कणकुंबीकडं, चोर्ला घाटाच्या वाटेवर, फोनला पुष्कळ ठिकाणी रेंज मिळत नाही. तिथं वाचताना काढलेल्या खुणा फोनवरच थांबलेल्या असतात. गावात पोचल्यावर ॲप उघडून नेटवर मिनिटभर ठेवलं की त्या वर जातात. नुसता फोन रेंजमध्ये आला म्हणजे गेल्या असं धरू नका. लॉगआउट करण्याआधी किंवा जुना फोन पुसण्याआधी हे विसरलं, तर शेवटच्या दिवसांच्या खुणा कायमच्या जातात.

तिसरी ठेच जास्त महत्त्वाची. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सगळ्या यंत्रांवर एकच चित्र ठेवणं एवढंच सिंकचं काम. तुमच्याकडून किंवा लहान पोराकडून टॅबवर खुणा पुसल्या गेल्या, तर सिंक इमानदारीनं त्या फोनवरूनही पुसतं. किंडलला पाठवलेलं स्वतःचं पुस्तक खात्यातून कायमचं काढलं आणि पुन्हा पाठवलं, तर ते नवं पुस्तक धरलं जातं आणि जुन्या खुणा त्याला चिकटत नाहीत. म्हणून सिंक चालू असलं तरी एक्स्पोर्ट हवंच.

केओरीडर वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: त्यातलं प्रोग्रेस सिंक तुम्ही कुठवर वाचलं तेवढंच दुसऱ्या यंत्रावर नेतं, रंगवलेली वाक्यं नेत नाही. पान बरोबर उघडलं म्हणून खुणाही आल्या असं समजू नका.

एक्स्पोर्ट, आणि मराठी पुस्तकांची खास अडचण

बॅकअपची फाइल फक्त त्याच ॲपला कळते. उद्या ते ॲप बंद पडलं तर ती फाइल निरुपयोगी. एक्स्पोर्ट केलेली फाइल कुणालाही वाचता येते, पण ती परत ॲपमध्ये घालून रंग उमटत नाहीत. दोन्हींचं काम वेगळं आहे, म्हणून दोन्ही घ्या.

एक्स्पोर्ट बहुतेक ॲप्समध्ये पुस्तक उघडून खुणांच्या यादीत गेल्यावर मिळतं, शेअरचं चिन्ह किंवा Export. साधा मजकूर निवडा. तो वीस वर्षांनीही उघडेल. किंडलच्या यंत्रावर तर हे आपोआप होतं. त्याच्या documents फोल्डरमध्ये `My Clippings.txt` नावाची फाइल असते आणि रंगवलेलं प्रत्येक वाक्य तिच्या तळाशी जोडलं जातं. पुस्तकातून खूण पुसली तरी या फाइलीतलं वाक्य राहतं. वायर जोडून तिची प्रत काढून ठेवा. विकत घेतलेल्या पुस्तकांत मात्र किती मजकूर असा बाहेर काढता येईल याला प्रकाशकानं मर्यादा घातलेली असते. ती संपली की वाक्याऐवजी मर्यादा संपल्याची सूचना येते. पानंच्या पानं रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मराठीची अडचण. एक्स्पोर्ट झालं एवढ्यावर समाधान मानू नका, फाइल उघडून वाचा. मराठीतल्या पुष्कळ पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात, श्रीलिपीसारख्या, जुळवलेल्या आहेत. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं रोमन आणि चिन्हांची असतात. अशा पुस्तकात रंग नीट लागतो, खुणांचा आकडाही बरोबर येतो, आणि एक्स्पोर्टमध्ये मात्र अगम्य चिन्हांचा गाळ येतो. वर्षभर रंगवून परीक्षेच्या तोंडावर हे कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी तपासा: पुस्तकातलं एक वाक्य निवडा, कॉपी करा, व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर पुस्तक युनिकोडमध्ये आहे. नाही उमटलं तर त्याच पुस्तकाची ईपब प्रत मिळते का बघा. ती नसेल तर खुणेसोबत पान क्रमांक आणि दोन-चार शब्दांची टीप स्वतः टाइप करा. टीप तुमच्या कीबोर्डवरून येते, म्हणून ती युनिकोडमध्येच असते आणि एक्स्पोर्टमध्ये नीट येते.

वाक्य निवडताच येत नसेल, बोट ठेवलं की सगळं पान एखाद्या चित्रासारखं वागत असेल, तर ते स्कॅन आहे. तिथं रंगवण्यापेक्षा पानाला बुकमार्क आणि टीप हाच मार्ग बरा.

जुना फोन देण्याआधी

जुन्या फोनवर शेवटचं एकदा ॲप उघडून नेट चालू ठेवा, म्हणजे अडकलेल्या खुणा वर जातील. महत्त्वाच्या पुस्तकांतल्या खुणांचे आकडे लिहून घ्या. बॅकअप आणि एक्स्पोर्ट दोन्ही काढून ड्राइव्हवर टाका, आणि पुस्तकांचा फोल्डर नावं न बदलता नव्या फोनवर न्या. मग नव्या फोनवर Restore, आणि आकडे जुळवा. एका पुस्तकातल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या खुणेवर जाऊन रंग बरोबर वाक्यावर आहे ना तेही बघा, कारण फाइल बदललेली असली तर आकडा जुळूनही जागा चुकते.

जमत असेल तर जुना फोन आठवडाभर घरातच ठेवा. या आठवड्यात नव्या फोनवर नेहमीसारखं वाचा. काही राहिलं असेल तर ते वाचतानाच लक्षात येतं, आणि तोवर मूळ वही तुमच्याच घरात असते.